शिगेचा चमचा

त्या तीन आठवड्यांत मला कुणी विचारलं असतं की बाई, दिवसभर करतेस तरी काय, तर मी खरं उत्तर दिलं असतं की लंगोट बघते. ओला आहे की कोरडा, काही झालंय का, झालंय तर कसं झालंय. चाळिशी ओलांडलेली, प्राथमिक शाळेत सतरा वर्षं पोरांकडून पाढे घोकून घेतलेली बाई मी, आणि एका चार महिन्यांच्या पोराच्या शी-शूवर माझा सगळा जीव टांगलेला. हसू नका. मला अजूनही त्यात हसण्यासारखं काही सापडलेलं नाही.

मुलगा आम्ही धुळ्याहून आणला. दत्तक. लग्नाला चौदा वर्षं झाली होती. दवाखाने झाले, नवस झाले, नवसावरून भांडणं झाली, शेवटी नाव नोंदवलं आणि मग नुसती वाट बघितली. फोन आला तेव्हा मी चौथीच्या वर्गात लिटर आणि मिलिलिटर शिकवत होते. फळ्यावरचं तसंच सोडून बाहेर आले आणि व्हरांड्यातच खाली बसले. मुलांना वाटलं बाईंना चक्कर आली.

संस्थेत तीन तास होतो. बाळाचा सगळा दिनक्रम तिथल्या मॅडमनी समजावून सांगितला. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी लहान असतील, पण बोलणं एकदम मोजूनमापून. त्यांनी माझ्यासमोर बाटली तयार केली. उकळून कोमट केलेलं पाणी आधी, बाटलीवरच्या रेघेपर्यंत. मग पावडर. डब्यातलाच चमचा, तीस मिलीला एक. आणि प्रत्येक चमचा भरला की धुतलेल्या सुरीच्या पाठीने वरचा भाग सपाट करून उरलेलं परत डब्यात. "सपाटच घ्यायचा हं ताई," त्या म्हणाल्या. मी मान डोलावली. मनात मात्र त्या सुरीचा राग आला. म्हटलं, एवढुसं लेकरू, त्याच्या चमच्यावरून सुरी फिरवता? हात तरी कसा होतो तुमचा?

हे का, ते सांगायला सावद्याला जावं लागेल. माझं माहेर तिथलं. केळीच्या बागा, दोन बैल, आणि ओसरीवर धान्याची कोठी. आई आता नाही, पण कोठीपाशी बसलेली आई मला आजही जशीच्या तशी दिसते. कुणाला ज्वारी द्यायची असली की ती मापटं भरायची आणि वरून ओंजळ घालून डोंगर करायची. त्याला शीग म्हणतात. दोन दाणे खाली घरंगळले की मगच माप भरलं असं ती मानायची. वरून हात फिरवून माप पुसणारी माणसं तिला अजिबात आवडायची नाहीत. "पुसलेलं माप वैऱ्याला द्यावं," असं म्हणायची, "लेकरांच्या वाट्याला शीग पाहिजे." मी सासरी निघाले तेव्हा तिने माझ्या ओटीत तांदूळसुद्धा असेच घातले होते, पदरातून सांडेपर्यंत.

तर घरी, जळगावात पिंप्राळ्याला, पहिली बाटली मी केली तेव्हा सुरी घेतलीच नाही. चमचा भरला, वर शीग ठेवली, बोटाने हलकेच दाबली की अजून थोडी बसावी. आणि पोराला म्हटलं, "चार महिने सपाट खाल्लंस ना राजा? आता आईच्या घरी आलास." हे वाक्य मी मोठ्याने बोलले. नवरा दारात उभा राहून ऐकत होता, त्याचे डोळे भरून आले. आम्हां दोघांनाही त्या क्षणी वाटलं की आपण फार चांगले आईबाप होणार.

पहिले चार-पाच दिवस ठीक गेले. मग शी थांबली. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, तीन दिवस नाही. चौथ्या दिवशी पोर लालबुंद होऊन कण्हायला लागलं, पाय पोटाशी घेतले, आणि बऱ्याच वेळाने जे पडलं ते बकरीच्या लेंड्यांसारखं, कडक, सुटं. मी ते बघून घाबरले. शिवाय दूध प्यायलं की तासाभरात तोंडातून फुळुक करून बाहेर. पोट गच्च. गॅस सुटताना एवढा मोठा आवाज यायचा की नवरा म्हणायचा, "आला बघ आमचा फटाका." मला त्याच्या त्या विनोदाचा संताप यायचा.

डॉक्टरकडे का नेलं नाही, असं तुम्ही विचाराल. सगळे तेच विचारतात. सांगते.

मूल घरी आलं म्हणजे लगेच आपलं होत नाही. कागदावर ते संस्थेचंच असतं, जिल्हाधिकाऱ्यांची ऑर्डर येईपर्यंत. तोवर आपण फक्त सांभाळणारे. संस्थेच्या मॅडम मध्येच फोन करतात, भेटीला येतात, वजन विचारतात, आणि बाळाला दवाखान्यात न्यावं लागलं तर कळवायचं असतं. यात गैर काहीच नाही, मुलाच्या भल्याचंच आहे. पण आम्ही संस्थेत पहिल्यांदा गेलो तेव्हा बाकावर एक बाई भेटली होती. ती म्हणाली होती, "आमच्या ओळखीत एकांकडून परत नेलं बाळ. सांभाळता येत नाही म्हणे." खरं की खोटं देव जाणे. ती बोलून चहा पिऊन निघून गेली, आणि ते वाक्य माझ्या काळजात काट्यासारखं रुतून बसलं. मला वाटलं, दवाखान्यात गेलो की कागद होणार, कागद झाला की मॅडमना कळणार, आणि त्या म्हणणार की आमच्याकडे चार महिने ठणठणीत होतं, तुमच्याकडे आठवड्यात असं कसं झालं? मग?

म्हणून मी डॉक्टर सोडून सगळ्यांचं ऐकलं.

आधी मेडिकलवाल्या काकांचं. चांगला माणूस, केस पांढरे झालेले, त्यांच्याकडे आम्ही वर्षानुवर्षं बामाच्या बाटल्या घेतो. ते म्हणाले, "डबा बदलून बघा, कधीकधी एखादा सोसत नाही." संस्थेने दिलेला डबा कपाटात गेला, दुसऱ्या कंपनीचा आला. नव्या डब्याचा नवा चमचा, त्यावर माझी शीग तीच. दोन दिवस मला वाटलं, फरक पडला. तिसऱ्या दिवशी पुन्हा लेंड्या. मग शेजारच्या वहिनींनी सांगितलं की त्यांच्या भाचीच्या बाळाला दुधातली साखर पचत नव्हती, त्याला लॅक्टोज नसलेला डबा दिला. तो आणला. मग मोबाईलवर कुठेतरी वाचलं की सोयाबीनचा देतात. तोही आणला. डब्यांची रांग लागली ओट्यावर. तीन आठवड्यांत त्या इवल्या पोटाने चार तऱ्हेचं दूध पाहिलं, आणि दरवेळी मी त्याच्या तोंडाकडे बघत बसायचे की आता तरी, आता तरी.

सासूबाई आमच्याकडेच असतात. धुळ्याजवळच्या खेड्यातल्या, शाळा दोन बुकं, बोलणं अहिराणी, तोंडाने फटकळ. त्यांना मी आत्या म्हणते. पोराचा त्यांना पहिल्या दिवसापासून एवढा लळा की मला कधीकधी हेवा वाटायचा. वहिनी एक दिवस विड्याच्या पानाचं देठ आणि तेलाची वाटी घेऊन आल्या. देठ तेलात बुडवून खाली लावलं की लगेच होतं, म्हणाल्या, आमच्या घरी सगळ्यांना असंच केलंय. मी जवळजवळ तयार झाले होते. आत्यांनी ते देठ वहिनींच्या हातातून काढून घेतलं. "खबरदार! माना पोऱ्याले हात लावशी तर. नाजूक जागा शे ती." मधाचं बोट चाटवायचं कुणी सुचवलं तेही त्यांनीच उडवून लावलं. मी उगाच त्यांच्यावरच चिडले. म्हटलं, "मग तुम्हीच सांगा ना काय करायचं!"

"दवाखानामा लई जाय," आत्या म्हणाल्या.

"बघू," मी म्हटलं.

हे 'बघू' मी त्यांना किती वेळा ऐकवलं असेल. पोर रडायचं. मी बाटली पुढे करायचे, ते अधाशासारखं प्यायचं, मला वाटायचं भूक आहे बिचाऱ्याला. प्यायलं की थोडं बाहेर टाकायचं. मग पुन्हा रडायचं. मी पुन्हा बाटली करायचे, आणि भूक एवढी आहे म्हणून शीग अजून जरा उंच. देवा रे! आता लिहितानासुद्धा हात थांबतो.

एका सकाळी लंगोट काढला तर लेंडीवर लाल रेघ होती. रक्ताची. बारीकच, दोऱ्याएवढी, पण रक्त. नवरा अंघोळीला गेला होता. मी काय केलं असेल? मी तो लंगोट घेतला, मागच्या मोरीवर गेले, साबण लावला, चोळला, पिळला, आणि दोरीवर दोन चादरींच्या मधे वाळत घातला. कुणाला दिसू नये म्हणून. मुलाच्या अंगातून रक्त येतं आहे आणि आई काय करते, तर पुरावा धुते. त्या सकाळी मी शाळेतही फोन करून रजा वाढवून घेतली आणि आवाजात जराही कंप येऊ दिला नाही. मी इतकी चांगली खोटारडी आहे हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

दुपारी आत्यांनी पोराला मांडीवर घेतलं होतं. मी स्वयंपाकघरात होते. त्यांनी हाक मारली ती नेहमीसारखी नाही.

"आठे ये. सकायपासून लंगोट कितला ओला करात यानी?"

मी मोजलं. सकाळी एक. त्यानंतर नाही. नेहमी दुपारपर्यंत चार तरी व्हायचे.

"तोंड देख त्यानं," त्या म्हणाल्या. ओठ कोरडे होते. रडत होतं पण आवाजात जोर नव्हता. आत्यांनी माझा हात धरला आणि त्याच्या डोक्यावर ठेवला, टाळूवर. ती किंचित खाली गेलेली होती. मग त्या मला म्हणाल्या, "हाऊ आपला पोऱ्या शे ना? मंग तू कोणले भ्यास?"

मी पायात चपला घातल्या. आत्यांनी बाटलीचं सामान आणि दोरीवरून वाळलेले लंगोट पिशवीत भरले आणि त्यांत तो दोन चादरींमधलाही होता, त्यावर पुसट डाग राहिलाच होता. त्यांनी तो बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि पिशवीत सगळ्यात वर ठेवला. रिक्षात बसता बसता नवऱ्याला फोन केला. तो ऑफिसमधून थेट दवाखान्यात आला.

डॉक्टर साठीचे, मुलांचे डॉक्टर म्हणून जळगावात तीस वर्षं काढलेले. त्यांनी पोराला तपासलं, पोट दाबून बघितलं, वजन केलं. तीन आठवड्यांत जेमतेम वाढलं होतं. मग प्रश्न सुरू झाले. उलटी हिरवी झाली का कधी? नाही. पिचकारीसारखी लांब उडते का? नाही, ओघळते. ताप? नाही. पोट फुगून कडक झालंय का, हात लावू देत नाही असं? तसं नाही. अंगावर पुरळ, खाज? नाही. मी उत्तरं देत होते. मग त्यांनी विचारलं, "शीमध्ये रक्त?"

नवरा नाही म्हणणार होता. त्याला माहीतच नव्हतं. मी म्हटलं, "आज सकाळी." नवऱ्याने वळून माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला अजून झोंबतं.

"शीमध्ये मिसळलेलं, शेंबडासारखं? की वरून रेघ?"

"वरून. बारीक."

"कडक शी बाहेर येताना कातडी चिरते, त्याचं असेल. मिसळलेलं असतं तर मी वेगळा विचार केला असता, गाईच्या दुधाची ॲलर्जी असेल म्हणून. तरी बघू." मग ते म्हणाले, "डबा कुठला देता?"

मी चारही सांगितले, ओळीने. त्यांच्या भुवया वर चढत गेल्या. पण ओरडले नाहीत. म्हणाले, "सामान आहे का जवळ? मला एक बाटली करून दाखवा."

मला तो प्रश्न विचित्र वाटला. परीक्षा वाटली. पण बाटली करण्यात मी पटाईत होते ना! वरचा तो लंगोट टेबलावर ठेवून पिशवीतून सगळं काढलं. पाणी आधी, रेघेपर्यंत, बरोबर. चमचा भरला. शीग ठेवली. बोटाने दाबली. अजून थोडी घातली. डॉक्टरांनी हात वर केला.

"थांबा. रोज असंच?"

"हो," मी म्हटलं. आणि मला वाटतं त्या 'हो'मध्ये थोडा अभिमानही होता. तोच आता मला सहन होत नाही.

त्यांनी टेबलावरची पट्टी उचलली आणि माझ्या चमच्यावरून फिरवली. जे खाली पडलं ते कागदावर गोळा केलं आणि माझ्यासमोर सरकवलं. चांगला अर्ध्या चमच्याचा ढीग होता. "हे दर चमच्याला जास्तीचं," ते म्हणाले. "म्हणजे पाच चमच्यांच्या बाटलीत तुम्ही सात-साडेसात चमच्यांची पावडर देताय, पाणी मात्र पाचाचंच. पोर भुकेने रडत नव्हतं ताई. तहानेने रडत होतं."

त्या वाक्यापुढचं पहिल्यांदा मला ऐकूच आलं नाही. नंतर वॉर्डात त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं, कारण मी पुन्हा पुन्हा विचारत होते. दूध दाट झालं की आतडी पाणी ओढून घेतात, शी कडक होते. किडनी एवढीशी, तिच्यावर ताण पडतो. पोट जड, म्हणून दूध वर येतं. रडताना हवा गिळतं, त्याचा गॅस. "सगळी लक्षणं खरी होती," ते म्हणाले, "पण कारण डब्यात नव्हतं. चमच्यात होतं."

रक्त तपासायला पाठवलं. रक्तातलं मिठाचं प्रमाण वाढलेलं निघालं. फार नाही, पण वाढलेलं. दोन दिवस ठेवून घ्यावं लागेल म्हणाले, कारण ते सावकाश खाली आणायचं असतं. एकदम पाणी पाजून चालत नाही, तसं केलं तर मेंदूवर सूज येऊ शकते. मेंदू हा शब्द ऐकल्यावर आत्या भिंतीला टेकून खाली बसल्या. मी बसले नाही. मला बसायचा हक्क आहे असं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर राऊंडला आले तेव्हा मी वही घेऊन तयार होते. शेवटी मास्तरीण. विचारलं, मग यातला डबा कोणता ठेवू?

"पहिलाच. संस्थेने दिलेला. तो त्याला सोसत होता, तुम्हीच सांगितलंत." ते खाटेच्या कडेला बसले. "हे बघा, एका कंपनीचा सोडून दुसऱ्याचा आणला तर बहुतेक वेळा काही बदलत नाही, आत दूध तेच. दोन दिवस बरं वाटतं ते आपल्याला वाटतं, पोटाला नाही. लॅक्टोज नसलेलं फार थोड्या बाळांना लागतं, एखाद्या मोठ्या जुलाबानंतर काही दिवस वगैरे. सोयाबीनचं काही ठरावीक आजारांतच. ॲलर्जी खरंच असेल, म्हणजे शीत शेंबूड-रक्त मिसळलेलं, अंगावर इसब, वजन वाढत नाही, तर प्रथिनं पार तोडलेलं वेगळं दूध असतं. त्याने फरक पडतो, पण ते आम्ही सांगितल्यावर आणि दोन-चार आठवडे नेटाने द्यायचं. ओकणं खूपच असेल तर घट्ट केलेलं दूधही मिळतं. तेही आमच्याकडून. आपल्या मनाने बाटलीत काही घालून घट्ट करायचं नाही."

"आणि लोह? कुणीतरी म्हणालं डब्यातल्या लोहाने खडा होतो."

"डब्यात असतं तेवढ्याने होत नाही. शी हिरवट दिसते, एवढंच. ते लोह त्याला पाहिजे."

मी लिहीत होते. दूध पाजलं की अर्धा तास उभं धरायचं. मध्येच ढेकर काढायचा. बाटली हलवली की फेस बसेपर्यंत थांबायचं. बाटलीच्या निपलचं भोक फार मोठं नको, फार बारीक नको. थोडं थोडं आणि अनेकदा. ओकतं म्हणून पालथं झोपवायचं नाही, झोपवायचं पाठीवरच. रोज शी झालीच पाहिजे असं नाही, मऊ होते ना ते बघायचं. मऊ होत असेल तर कण्हलं तरी घाबरायचं नाही, ते शिकत असतं. मग त्यांनी माझी पेन्सिल थांबवली.

"आणि हे लिहू नका, पाठ करा. हिरवी उलटी, पिचकारीसारखी उलटी, शीत रक्त, फुगलेलं कडक पोट, ताप, दूध न पिणं, लंगोट कोरडे राहणं, पोर मलूल पडणं. यातलं एक जरी दिसलं तर डबा नाही बदलायचा, चपला घालायच्या. त्याच तासाला."

"मी रक्त सकाळीच बघितलं होतं," मी म्हटलं. "दुपारी आणलं."

"माहीत आहे," डॉक्टर म्हणाले. "त्या धुऊन वाळलेल्या लंगोटावरून कळलं."

संस्थेला कळवायला हवं होतं. मी नवऱ्याला म्हटलं, "पोट बिघडलं होतं एवढंच सांगू या. पोटच तर बिघडलं होतं." तो रात्रभर माझ्याशी नीट बोलला नव्हता. आता बोलला. "तू लंगोट माझ्यापासून लपवलास," म्हणाला, "मी तुला घाबरवतो का गं?" मी म्हटलं नाही. "मग?" त्याने फोन माझ्या हातात दिला. मी लावला.

मॅडम दुपारी धुळ्याहून बसने आल्या. पोर सलाइनच्या हाताने त्यांची ओढणी धरायला बघत होतं, सकाळपासून जरा तरतरीत झालं होतं. त्यांना बघून हसलंसुद्धा. अर्थातच हसलं, चार महिने त्यांनी सांभाळलेलं. मला वाटलं, झालं. आता म्हणतील आम्ही घेऊन जातो, आणि ते मजेत जाईलही.

त्या खुर्ची ओढून बसल्या. फाइल उघडली. "सांगा," म्हणाल्या.

मी सगळं सांगितलं. शीग सांगितली, चार डबे सांगितले. लंगोट धुतल्याचं सांगितलं. त्या लिहीत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "पण आधी का नाही आणलंत? दोन आठवडे त्रास होता म्हणता."

"तुम्ही परत न्याल म्हणून."

त्यांचं पेन थांबलं. रागावतील असं वाटलं. रागावल्या नाहीत, पण मऊही झाल्या नाहीत. म्हणाल्या, "ताई, पोटचा असता तर कधी आणला असता?"

मी त्या क्षणाआधी हा विचारच केला नव्हता. पोटचा असता तर पहिल्या लेंडीलाच मी सगळं पिंप्राळं डोक्यावर घेतलं असतं. डॉक्टरांच्या दारात धरणं धरून बसले असते. हे पोर माझं आहे असं मी सगळ्या जगाला सांगत फिरत होते, आणि वागत मात्र होते ते दुसऱ्याची वस्तू घरात आणलेल्या माणसासारखं, ओरखडा पडला तर लपवायचा. तीन आठवडे मी काळजी केली ती माझ्या आईपणाची. त्याची केली नाही. मी हे सगळं त्यांना असं सांगू शकले नाही. नुसती रडले. वॉर्डातल्या बाया बघत होत्या तरी रडले, मोठ्याने, नाक ओढत.

मॅडमनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "चमच्याची चूक आहे, ती कुणाकडूनही होते. ती मी नोंदवेन, पुढच्या आईबापांना दाखवताना कामाला येईल. अहवालात हे असं जाईल." आणि त्यांनी फाइल माझ्याकडे वळवली. अक्षर सुंदर होतं त्यांचं. खाली लिहिलं होतं: 'बाळाच्या त्रासाची माहिती पालकांनी स्वतः होऊन पूर्ण दिली, उशिरा.'

मी ते दोनदा वाचलं. त्यांना माझा चेहरा दिसला असणार. कारण त्या थोड्या पुढे वाकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ऑर्डरला त्याने काही अडणार नाही. पण हवं असेल तर शेवटचा शब्द काढते. बाकी सगळं तुम्ही खरंच सांगितलंय."

खाटेवर पोर बाटली पीत होतं, नवऱ्याने केलेली, पट्टीने सपाट केलेली. घटाघटा नाही, सावकाश, मध्ये थांबून श्वास घेत. आत्या त्याच्या डोक्यावर हात ठेवून बसल्या होत्या.

"राहू द्या," मी म्हटलं, आणि त्याच्या आईसाठी सोडलेल्या जागेवर सही केली.